कमी अस्थिरतेचा पोर्टफोलिओ: क्रमवारी सोपी, दर महिन्याचा फेरबदल अवघड

रोज भरपूर उलाढाल होणारे २०० शेअर आणि त्यांचे गेल्या २५२ व्यवहार-दिवसांचे बंद भाव घ्या. भाव बोनस आणि स्प्लिटनुसार जुळवलेले हवेत, नाहीतर एकास एक बोनस म्हणजे पन्नास टक्क्यांची पडझड दिसते. दैनंदिन परताव्याचं प्रमाण विचलन काढा आणि २५२ च्या वर्गमुळाने गुणा. ही वार्षिक अस्थिरता. बीटा, म्हणजे बाजार एक टक्का हलला की शेअर सरासरी किती टक्के हलतो तो आकडा, त्याच दिवसांवरून काढा. दोन्हींचे कमीपासून जास्तीकडे वेगळे क्रम लावून सरासरी काढा आणि वरचे ३० समान वजनाने घ्या, एका क्षेत्रातले जास्तीत जास्त सहा.

नुसत्या बीटावर काम भागतं, हा सल्ला मात्र ऐकू नका. बाजाराची अस्थिरता १६ टक्के, शेअरची ४० आणि दोघांचा सहसंबंध ०.२ असेल, तर बीटा येतो फक्त ०.५. कागदावर शांत दिसणारा हा शेअर प्रत्यक्षात चांगलाच उसळतो.

खरी डोकेदुखी पहिल्या महिन्यानंतर सुरू होते. मलाही सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला. महिन्यात २५२ दिवसांच्या सरकत्या खिडकीतले साधारण २१ दिवसच बदलतात, तरी तिसाव्या क्रमांकाजवळची नावं खालीवर होत राहतात, कारण तिथले आकडे एकमेकांना चिकटून असतात. त्यात एखादा जुना मोठा दिवस खिडकीबाहेर पडतो. १२ टक्के पडझडीचा असा एकच दिवस गेला, तर शेअरची अस्थिरता २२.५ वरून १९ टक्क्यांवर येऊ शकते. त्या महिन्यात शेअरमध्ये काहीच घडलेलं नसतं. 'दर महिन्याला वरचे ३० ठेवा' असं सांगणारे दलालीचा हिशोब धरत नाहीत.

म्हणून दोन रेषा आखा. नवा शेअर २४ व्या क्रमांकाच्या आत आला तरच विचारात घ्या; हातातला ४५ च्या पलीकडे गेला तरच विका. मोकळी जागा भरायला २४ च्या आतलं कोणी नसेल, तर पुढचा क्रमांक चालेल.

आता पेच क्षेत्रमर्यादेचा. समजा औषध क्षेत्रात तुमचे सहा शेअर आहेत आणि त्यातला शेवटचा ४१ वर घसरलाय. त्याच क्षेत्रातला नवा शेअर नवव्या क्रमांकावर आला. अदलाबदलीचा मोह होतो. करू नका. मर्यादा प्रवेशाच्या दारावर लावायची असते. जुना ४५ ओलांडेपर्यंत नववा बाहेर थांबेल. त्या महिन्यात दुसरी एखादी जागा मोकळी झाली असेल, तर ती दुसऱ्या क्षेत्रातल्या पुढच्या पात्र शेअरला द्या.

बाजार शांत असतानाही महिन्याला सहा-सात नावं बदलत असतील, तर आधी भावांची जुळवणी तपासा, मग रेषांमधलं अंतर वाढवा.

या रेषा एकाच कारणासाठी मोडायच्या. कंपनी ताब्यात घेण्याची रोख ऑफर आली की भाव ऑफरच्या किमतीजवळ खिळतो, अस्थिरता आणि बीटा दोन्ही घसरत जातात आणि शेअर यादीत वर सरकतो. सौदा फिसकटला तर तोच एका दिवसात कोसळतो. त्याला हाताने यादीतून काढा.