स्वतःच्या जुन्या कवितेचं विडंबन करताय? या चुका टाळा

वडील गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांवर ते तोलाईचं काम करायचे. त्या पावसाळ्यात मी ही कविता लिहिली:

कृष्णाकाठी कातरवेळी
व्याकुळ माझे अंतर झुरते
अश्रूंच्या या धुंद सागरी
आठवणींची नौका फिरते

बाबा, तुमच्या विरहज्वाळा
जाळत जाती जीवन माझे
नखांत तुमच्या हळद राहिली
हाय! काळजी शल्य विराजे

दुःख खरं होतं. तरी अकरा वर्षांनी वही उघडली तेव्हा कविता वाचून मला वडील दिसेनात. काय काढायचं तेही कळेना, कारण प्रत्येक शब्द माझाच आणि प्रत्येकाशी माझी ओळख. मग तिचं विडंबन करायचं ठरवलं. ते जमेपर्यंत ज्या चुका झाल्या त्या इथे सांगतो.

चूक पहिली: दुःखाचीच थट्टा करणं

माझा पहिला प्रयत्न असा सुरू झाला:

कृष्णाकाठी रडतो वेडा
नाक पुसाया रुमाल आणा

दोन ओळींतच लिहावंसं वाटेना. त्या एकोणीस वर्षांच्या पोराला चिडवून मला काय मिळणार होतं? आणि कामाच्या दृष्टीनंही ते फुकट गेलं. मूळ कवितेतलं 'कृष्णाकाठी' सोडलं तर एकही शब्द त्यात उरला नव्हता. जे शब्द तपासायचे, तेच बाहेर राहिले. विडंबनातून लिहिणाऱ्याच्या रडण्याचं हसू यायला लागलं की समजावं, नेम चुकला. नेम धरायचा तो शब्दांच्या सवयीवर.

उपाय सोपा आहे. शब्द तेच ठेवायचे आणि विषय बदलायचा, तोही जितका लहान तितका चांगला. मी भडंग घेतलं. डब्याचं झाकण उघडं राहिलं आणि भडंग मऊ पडलं, एवढाच प्रसंग.

चूक दुसरी: वृत्त सोडून देणं

ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. विडंबन म्हणजे गंमत, तेव्हा ते मुक्तछंदात लिहिलं तर काय बिघडलं, असं मलाही वाटलं होतं. बिघडतं ते असं. माझी कविता पादाकुलकात आहे. ओळीला सोळा मात्रा, आठ आठचे दोन भाग. 'अश्रूंच्या या सागरी' एवढंच म्हणायचं होतं, पण त्याच्या तेराच मात्रा होतात. तीन कमी पडल्या, म्हणून 'धुंद' आला. अश्रूंचा सागर धुंद का असेल, याचा विचार मी केलाच नव्हता. 'हाय!' सुद्धा तीन मात्रांचाच. मुक्तछंदात हे शब्द आपोआप गळून पडतात आणि ते मुळात कशाला आले होते ते कळतच नाही. वृत्त तेच ठेवलं की नव्या विषयातही त्याच जागी तीन मात्रा कमी पडतात आणि हात पुन्हा त्याच शब्दाकडे जातो. तिथे आपली सवय आपल्याला दिसते. केशवकुमार या नावानं अत्र्यांनी विडंबनं लिहिली, ती दुसऱ्यांच्या कवितांची चाल आणि शब्दकळा उचलूनच. आपलीच कविता घेतली तरी नियम तोच.

मात्रा मोजायला फार काही लागत नाही. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची किंवा अनुस्वार असलेल्याची दोन, आणि जोडाक्षराचा आघात आला तर आधीच्या ऱ्हस्वाच्याही दोन.

तर हे झालेलं विडंबन:

ओट्यापाशी कातरवेळी
व्याकुळ माझे अंतर झुरते
अश्रूंच्या या धुंद सागरी
मऊ भडंगी नौका फिरते

अरे भडंगा, विरहज्वाळा
जाळत जाती जीवन माझे
झाकण उघडे कुणी ठेविले
हाय! काळजी शल्य विराजे

आता दोन्ही कविता शेजारी ठेवून बघा. आठांपैकी चार ओळी मी जशाच्या तशा उचलल्या, आणि त्या भडंगाला तंतोतंत बसल्या. जी ओळ वडिलांनाही चालते आणि मऊ पडलेल्या भडंगालाही चालते, ती वडिलांबद्दल काहीच सांगत नाही. पेन्सिल घेऊन त्या चार ओळींखाली रेघ मारली. पहिल्या, चौथ्या आणि पाचव्या ओळीत अर्धाच बदल लागला. उरलेले अर्धे तुकडे, म्हणजे 'कातरवेळी', 'नौका फिरते', 'विरहज्वाळा', त्याच यादीत गेले.

शेवटची ओळ वाचताना आणखी एक गोष्ट दिसली. शल्य कधी 'विराजतं' का? ते सलतं. 'विराजे' आला तो फक्त वर 'माझे' होतं म्हणून. आणि ते 'माझे' तरी कवितेत दोनदा कशाला? चार मात्रांची सोय, दुसरं काही नाही.

पूर्ण बदलावी लागली ती एकच ओळ, हळदीची. तीही आधी विडंबनात घ्यायचा प्रयत्न केला होता. 'नखांत माझ्या' म्हणून तिखट-मसाल्याचं काही लिहून पाहिलं, पण हसूच येईना. ते नुसतं खरं वाटत होतं, कारण भडंग खाल्लं की नखांत मसाला राहतोच. वस्तू जशी आहे तशी सांगणारी ओळ फुगवता येत नाही, म्हणून तिचं विडंबनही होत नाही. असं अडखळलात की ती ओळ राखून ठेवा.

चूक तिसरी: उरलं तेवढंच पुरेल असं धरणं

सगळं काढल्यावर माझ्या हातात एक ओळ राहिली: 'नखांत तुमच्या हळद राहिली.' तीच कविता म्हणून एका मित्राला दाखवली. त्यानं विचारलं, "कुणाच्या? हळद कसली, लग्नाची?" त्याचं बरोबर होतं. तोलाईचं काम, यार्डातली हळदीची धूळ, ती पायताणापासून कानापर्यंत कशी बसायची, यातलं काहीच मूळ कवितेत नव्हतं. तिथली जागा विरहज्वाळांनी अडवली होती. विडंबनानं काय काढायचं ते कळतं. काय घालायचं ते आठवणीतूनच शोधावं लागतं.

वृत्तात बसवायचाही प्रयत्न केला. 'बाबा, तुमच्या नखांत हळद' म्हटलं तर पंधराच मात्रा. एक कमी. ती भरायला शब्द शोधत बसलो आणि लक्षात आलं की 'धुंद' असाच आला होता. तेव्हा मी वृत्त सोडलं. विडंबनात ते शेवटपर्यंत हवं. नव्या खर्ड्यात हवंच असं नाही.

एक छोटी सूचना. कविता ताजी असेल तर हे करू नका. दोन महिन्यांपूर्वीच्या एका कवितेवर मी हाच प्रयोग केला, तेव्हा प्रत्येक ओळ मला एक तर अप्रतिम वाटली नाही तर टाकाऊ. शब्द नेहमीचा आहे हे कळायला मध्ये इतर बऱ्याच कविता लिहून व्हाव्या लागतात.

नवा खर्डा असा झाला:

यार्डातून आले की बाबा
दोनदा साबण लावायचे.
शेवटची आंघोळ आम्ही घातली.
नखांत हळद राहिली.

जुनी कविता आईनं तेव्हा वाचली होती. "छान लिहिलंस," म्हणून तिनं वही परत दिली होती. ही तिला वाचून दाखवली. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "दोनदा नाही रे, तीनदा लावायचे."

मी दुरुस्त केलं.