ॲटिट्यूडचे प्रश्न आणि माझा नाशिकचा डिपर

आपल्याकडे ‘त्याला फार ॲटिट्यूड आहे’ म्हटलं की माणूस माजोरडा आहे असा अर्थ होतो. ब्रिटनमध्ये गाडीच्या थिअरी टेस्टचा अभ्यास सुरू केला आणि विषयांच्या यादीत ‘ॲटिट्यूड’ नावाचा अख्खा विषय दिसला, तेव्हा मी हसलेच. सराव चाचणीत सगळ्यात कमी गुण त्यातच पडले, तेव्हा हसू गेलं. नाशिकमध्ये मी नऊ वर्षं आधी स्कूटर आणि मग गाडी चालवलेली. चिन्हं पाठ होती, कुठल्या वेगाला गाडी थांबायला किती अंतर लागतं त्याचं कोष्टकही पाठ होतं. चुकत होती ती ‘अशा वेळी तुम्ही काय कराल?’ या धाटणीची उत्तरं.

आधी परीक्षेबद्दल थोडक्यात. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून 12 महिने गाडी चालवता येते. त्यानंतर प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ लायसन्स काढून थिअरी आणि प्रॅक्टिकल, दोन्ही पार करावं लागतं. थिअरीला 23 पौंड लागतात. 57 मिनिटांत 50 प्रश्न, त्यात 43 बरोबर हवेत. मग धोके ओळखायच्या व्हिडिओ क्लिप्स असतात, त्यांचं तंत्र वेगळं आहे. दोन्ही भाग एकाच बैठकीत पास व्हावे लागतात. नापास झालात तर पुन्हा पैसे भरा आणि निदान तीन कामाचे दिवस थांबा. पहिल्या खेपेला मला 41 पडले, तेव्हा हे सगळं मी केलेलं आहे.

माझं नेमकं काय चुकत होतं ते एका प्रश्नावरून सांगते. मोटरवेवर तुम्ही पुढच्या गाडीपासून नीट अंतर ठेवून चालला आहात. एक गाडी ओव्हरटेक करून त्या मधल्या जागेत घुसते. तुम्ही काय कराल? पर्याय साधारण असे असतात: डिपर माराल, हॉर्न वाजवाल, तिच्या जवळ जाल की वेग कमी करून मागे राहाल. बरोबर उत्तर मागे राहणं हे मलाही कळत होतं, पण मन म्हणायचं, ‘घुसला तो आणि मागे व्हायचं मी?’ अशाने वाटेत दहा जण घुसले तर पोचायचं कधी?

एकदा चिडून हिशेबच मांडला. ताशी 70 मैल म्हणजे सेकंदाला साधारण 31 मीटर. कोरड्या रस्त्यावर निदान दोन सेकंदांचं अंतर हवं, म्हणजे 62 मीटर. घुसणारा बरोबर मध्ये आला तर माझ्यापुढे 30 मीटर उरतात, म्हणजे एक सेकंद. ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा सैल करून वेग 67 वर आणला, तर साधारण 25 सेकंदांत अंतर पूर्ववत होतं. यात माझं नुकसान किती झालं? सेकंदभराचं. दहा जण घुसले तरी मी घरी दहा-पंधरा सेकंद उशिरा पोचणार. पावसात हेच अंतर दुप्पट हवं, तरीही हिशेब मिनिटभराच्या आतच राहतो. त्या दिवसापासून हा प्रश्न पुन्हा चुकला नाही.

मग बाकीचे प्रश्नही याच नजरेने पाहिले. कोण बरोबर, कोण चूक याचा निवाडा परीक्षा कुठेच मागत नाही. बरोबर उत्तरात बहुतेक वेळा तुम्ही फक्त स्वतःच्या गाडीचं काहीतरी करता: वेग कमी, अंतर जास्त, नाहीतर नुसतं थांबणं. चुकीच्या उत्तरांत तुम्ही दुसऱ्याला काहीतरी सांगायला जाता, मग ते हॉर्नने असो, दिव्याने असो की हाताने. मागची गाडी चिकटून येतेय? तिला धडा शिकवायला ब्रेक मारायचा नाही, स्वतःच्या पुढचं अंतर वाढवायचं. म्हणजे थांबायची वेळ आली तर हळूहळू थांबता येतं आणि मागच्यालाही वेळ मिळतो. अरुंद वळणावळणाच्या रस्त्यावर तुमच्यामागे रांग लागली? सुरक्षित जागा बघून बाजूला व्हा.

यात एक गंमत आहे. अति चांगुलपणालाही गुण नाहीत. झेब्रा क्रॉसिंगवर आजी थांबल्या आहेत, तुम्ही गाडी थांबवली, हे बरोबर. पण हाताने ‘या, या’ केलं की उत्तर चूक! मला हे फार लागलं होतं, आपण तर सौजन्यच दाखवतोय. कारण असं, की समोरून किंवा शेजारून दुसरी गाडी येत असेल तर तिच्या वतीने तुम्ही ग्वाही देऊ शकत नाही. आजींनी तुमच्या हातावर विश्वास ठेवला तर पंचाईत. आपण थांबायचं आणि त्यांना त्यांचं बघून निघू द्यायचं.

डिपरचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. आपल्याकडे समोरच्याने डिपर मारला म्हणजे ‘मी येतोय, तू थांब’. हायवे कोड या इथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तकानुसार दिवे चमकवण्याचा अर्थ एकच: ‘मी इथे आहे’. परीक्षेत हेच लिहायचं. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र कितीतरी इंग्रज ‘तुम्ही आधी जा’ म्हणून दिवे चमकवतात, आणि नवखा माणूस तिथे फसतो.

मीही फसले. क्लासच्या गाडीतून एका पेट्रोल पंपावरून उजवीकडे वळायचं होतं. माझ्या उजव्या हाताने आलेली व्हॅन थांबली, दिवे चमकले, चालकाने मानही हलवली. मी आभाराचा हात दाखवून निघाले, आणि सरांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक कचकन दाबला. थांबलेल्या व्हॅनला तिच्या उजव्या अंगाने ओलांडत एक मोटरसायकल आली आणि आमच्या बॉनेटसमोरून हातभर अंतराने गेली. व्हॅनच्या उंच अंगामागे ती मला दिसणं शक्यच नव्हतं. सर एवढंच म्हणाले, “त्याने रस्ता त्याच्यापुरता दिला. पलीकडचा रस्ता त्याचा नव्हताच.” हायवे कोडमध्ये यावर वेगळा नियमच आहे: चमकलेले दिवे म्हणजे निघण्याचं आमंत्रण समजू नका, स्वतः खात्री करा. मी तो वाचला होता, पाठही होता.

हॉर्नबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उभ्या गाडीतून वाजवायचा नाही, आणि वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सातपर्यंत अजिबात नाही. दोन्हींना अपवाद एकच, दुसऱ्या वाहनामुळे धोका असेल तर. पुढच्या शिकाऊ चालकाची गाडी सिग्नलला बंद पडली तर डोळे मिटून ‘धीर धरा’ हे उत्तर द्या.

‘स्वतःची गाडी सांभाळा’ ही युक्ती सगळीकडे चालत नाही. काही प्रश्न निव्वळ माहितीचे असतात, ते पाठच करावे लागतात. पेलिकन आणि पफिन ही पादचाऱ्यांसाठी सिग्नल असलेली दोन प्रकारची क्रॉसिंग. पेलिकन क्रॉसिंगवर पिवळा दिवा लुकलुकत असेल तर क्रॉसिंगवर असलेल्यांना आधी जाऊ द्यायचं. पफिन क्रॉसिंगला लुकलुकणारा पिवळा नसतोच. हिरवा फिरता दिवा म्हणजे तातडीच्या कामावर निघालेला डॉक्टर. थांब्यावरून निघायला बसने सिग्नल दिला आणि सुरक्षित असेल, तर तिला वाट द्यायची. अंधांच्या पांढऱ्या काठीवर लाल पट्टे असतील तर त्या व्यक्तीला ऐकूही येत नाही, म्हणून तिथे हॉर्नचा विचारच करू नका.

आणि एक प्रश्न, ज्याने मला दोनदा पाडलं: रात्री वाहनांच्या रांगेत उभे आहात, मागच्याच्या डोळ्यांवर झोत येऊ नये म्हणून काय कराल? मी दोन्ही वेळा हेडलाइट बंद केले. उत्तर हँडब्रेक ओढून पाय ब्रेकवरून काढा असं आहे, कारण मागच्याला त्रास होतो तो आपल्या ब्रेकलाइटचा. नऊ वर्षांत हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. आता रात्री सिग्नलला हँडब्रेक ओढला की शेजारी बसलेला नवरा दर वेळी विचारतो, “इथेच मुक्काम का?”