CRITICAL_PROCESS_DIED आला की आधी डिस्क बघा, विंडोज नंतर

मालवणात कॉम्प्युटर दुरुस्त करता करता मला सतरा वर्षं झाली. विंडोज कोसळताना निळ्या पडद्यावर येणाऱ्या या स्टॉप कोडवर लोकांना जो सल्ला मिळतो, त्याचा क्रमच उलटा असतो. आधी `sfc` चालवा, मग `chkdsk /r` लावा, नाही जमलं तर फॉरमॅट मारा. डिस्क कुणी बघतच नाही. आणि डिस्क खराब असेल तर या तिन्ही गोष्टी तिला आणखी लवकर संपवतात.

कोडचा अर्थ साधा आहे. `csrss.exe`, `wininit.exe`, `services.exe` यांसारख्या काही प्रोसेसशिवाय विंडोज चालूच शकत नाही. त्यातली एक बंद पडली, की विंडोज स्वतःला थांबवतं. तपासात त्या प्रोसेसचं नाव निघालं तरी दोष बहुधा तिचा नसतो, ती फक्त बळी पडलेली असते. तिला मारणारे बहुतेक वेळा तीन असतात: वाचताना दगा देणारी डिस्क, बिघडलेली सिस्टम फाइल किंवा दुसऱ्याच्या मेमरीत ढवळाढवळ करणारा ड्रायव्हर. कधीकधी रॅमही असते, तिच्याकडे पुढे येतो. २०२५पासून नव्या विंडोज ११मध्ये हा पडदा निळ्याऐवजी काळा येतो, पण कोड तोच आहे.

सुरुवातीला डेटाची कॉपी बाहेर काढा आणि बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. सेफ मोडमध्ये जाताना मशीन ती की मागतं, आणि तेव्हा ती नसेल तर सगळं तिथेच अडतं.

मग `sysdm.cpl` उघडून अॅडव्हान्स्ड टॅबमधल्या स्टार्टअप अँड रिकव्हरीत जा आणि आपोआप रीस्टार्ट होण्याची खूण काढा. पडदा थांबून राहिला पाहिजे, कारण पहिला पुरावा तिथेच मिळतो.

पडद्यावर टक्केवारी दिसते. मशीन कोसळण्याआधीची स्थिती विंडोज तेव्हा डिस्कवर लिहीत असतं. ही टक्केवारी दर वेळी शून्यावरच अडकत असेल आणि नंतर `C:\Windows\Minidump` फोल्डर रिकामा सापडत असेल, तर माझा संशय थेट स्टोरेजवर जातो. डिस्कच गायब झाली असेल तर विंडोज लिहिणार कुठे? फक्त दोन गोष्टींची खात्री करून घ्या: पेजफाइल कुणी बंद केलेली नाही ना, आणि एखादं सफाईचं सॉफ्टवेअर त्या फोल्डरमधल्या फाइल्स उडवत नाही ना. आणखी एक खूण आहे. कोसळल्यावर नुसतं रीस्टार्ट केलं तर बायोसमध्ये डिस्क दिसत नाही, पण वीज पूर्ण बंद करून चालू केली की दिसते. असं झालं तर विंडोजला हात लावायची गरजच नाही.

आता ज्या टप्प्याने मला सगळ्यात जास्त छळलं, त्याकडे येतो.

सुरुवातीच्या वर्षांत एका फोटोग्राफरचं मशीन माझ्याकडे आलं होतं. कोड हाच होता. मी रात्री `chkdsk /r` लावून घरी गेलो. ही कमांड डिस्कचा एकेक सेक्टर वाचते, आणि मरायला टेकलेल्या डिस्ककडून रात्रभर एवढी मेहनत करून घेणं म्हणजे तिला संपवणंच. सकाळी बायोसमध्ये डिस्क नव्हती. त्या माणसाने दोन लग्नांत काढलेले फोटो त्यात होते, आणि ते परत मिळाले नाहीत. त्या दिवसापासून, डिस्कचे आकडे बघितल्याशिवाय मी `chkdsk /r` चालवत नाही आणि कुणाला चालवूही देत नाही.

आकडे दोन ठिकाणी बघायचे. पहिलं ठिकाण इव्हेंट व्ह्यूअर. त्यात सिस्टम लॉग उघडा आणि फिल्टरमध्ये इव्हेंट आयडीच्या जागी एवढं टाका:

```
7,11,51,129,153
```

७ म्हणजे खराब ब्लॉक, ५१ म्हणजे पेजिंग करताना आलेली चूक, १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं. सगळ्यात बोलका १२९. त्यात `Reset to device` असे शब्द असतात. विंडोजने डिस्ककडे काहीतरी मागितलं, ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही, म्हणून तिला रीसेट केलं, असा त्याचा अर्थ. इथे बहुतेक जण चुकतात: ते मशीन कोसळलं त्याच मिनिटाची नोंद शोधतात, ती सापडली नाही की डिस्कला निर्दोष ठरवतात. लॉग त्याच डिस्कवर लिहिला जातो. डिस्क गेली त्या क्षणाची नोंद कशी उरेल? म्हणून आधीचे तास आणि आधीचे दिवस बघा. १२९च्या नोंदी दाटत गेलेल्या दिसतात का, ते बघा.

दुसरं ठिकाण म्हणजे डिस्कची स्वतःची स्मार्ट नोंदवही. मी ती क्रिस्टलडिस्कइन्फोने वाचतो. त्यात वर दिसणाऱ्या `Good` या शब्दावर विसंबू नका. खालचे आकडे वाचा, आणि आधी फंक्शन मेनूतल्या अॅडव्हान्स्ड फीचरमध्ये जाऊन रॉ व्हॅल्यू `10 [DEC]` करून घ्या. नाहीतर ते हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर लिहिलेले दिसतात आणि माणूस भलताच अर्थ लावतो. `05` म्हणजे बदलून दिलेले सेक्टर, `C5` म्हणजे वाचता न आल्याने ताटकळलेले सेक्टर. हे दोन वाढत असतील तर डिस्क बदला, दुरुस्तीचा विचार करू नका. `C7` मात्र वेगळा. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये डेटा किती वेळा बिघडला, हे तो मोजतो. `05` आणि `C5` शून्य असून `C7` वाढत असेल, तर डिस्क बहुधा चांगली असते, दोष केबलमध्ये किंवा जोडाच्या टोकांत असतो.

आपल्या किनाऱ्यावर या तिसऱ्या आकड्याला फार महत्त्व आहे. खारी हवा, त्यात चार महिने पावसाची ओल. स्वस्त साटा केबलच्या पट्ट्यांवर एक-दोन पावसाळ्यांत पांढरट, कधी हिरवट थर चढतो. समुद्रापासून लांबच्या माणसाने लिहिलेल्या सल्ल्यात ही गोष्ट येतच नाही.

देवगडच्या एका आंबा पॅकिंगच्या शेडमधलं मशीन सांगतो. ऐन एप्रिल, दिवसभर पेट्यांची बिलं चालू, आणि दिवसातून तीनदा हा कोड. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, दोन्हीकडे फॉरमॅट मारून दिला होता. फोनवर मालक म्हणाले, "काय सांगू तुका, परत निळो पडदो इलो!" मी गेलो तेव्हा पडदा शून्य टक्क्यावर अडकलेला, मिनीडंप फोल्डर रिकामा. लॉगमध्ये आठ दिवसांत `storahci`च्या नावाने १२९च्या एकेचाळीस नोंदी. डिस्क म्हणजे साधी साटा एसएसडी. `05` शून्य, `C5` शून्य, `C7` २१२. मी एक मोठं फोल्डर, साधारण तीस जीबीचं, त्याच डिस्कवर कॉपी करायला लावलं. संपेपर्यंत `C7` २३१ झाला होता. केबल काढली तर तिच्या टोकावर पांढरा थर. नवी केबल घातली, डिस्कचे सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, पॉवरचा प्लगही बदलला. तेच फोल्डर पुन्हा कॉपी केलं. आकडा २३१वरच राहिला. हा आकडा कधी शून्यावर येत नाही, त्यामुळे जुना मोठा आकडा बघून घाबरायचं नाही, तो वाढतो का तेवढंच बघायचं. हंगाम संपेपर्यंत तो २३१च होता.

खराब केबल घासून पुन्हा वापरू नका, फेकून द्या. नव्या लॅपटॉपमधल्या एनव्हीएमई डिस्कला `C7` नसतो. तिथे मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स हा आकडा शून्य हवा, आणि डिस्क एकदा काढून नीट बसवून बघावी.

डिस्क निर्दोष ठरली की मगच सिस्टम फाइल्स. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवर, याच क्रमाने:

```
DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth
sfc /scannow
```

`sfc` ज्या साठ्यातून चांगली फाइल आणतं, तो साठाच आधी `DISM` दुरुस्त करतं, म्हणून ते पहिलं. मशीन चालूच होत नसेल तर रिकव्हरीतल्या कमांड प्रॉम्प्टवरून:

```
sfc /scannow /offbootdir=D:\ /offwindir=D:\Windows
```

तिथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असतात. `dir` करून विंडोज कुठल्या अक्षराखाली आहे ते आधी बघा.

देवगडच्या मशीनवर `sfc`ने काही फाइल्स दुरुस्त केल्या आणि दुसऱ्यांदा चालवल्यावर काहीच सापडलं नाही. असंच व्हायला हवं. दुरुस्त केल्यावर चार दिवसांनी पुन्हा बिघाड सापडत असेल तर फाइल्स आपोआप बिघडत नाहीत, त्या कुणीतरी बिघडवतं आहे. दर वेळी वेगळ्याच फाइल्स निघत असतील आणि डिस्कचे आकडे स्वच्छ असतील, तर मेमटेस्ट८६ रात्रभर चालवून रॅम तपासा.

शेवटी ड्रायव्हर. सेफ मोडमध्ये दोन-तीन तास नेहमीचं काम करून बघा. तिथे मशीन कोसळत नसेल तर संशय बाहेरून आलेल्या ड्रायव्हरवर. कोड सुरू होण्याच्या आठवड्यात काय बसवलं ते आठवा. माझ्या अनुभवात अर्धवट काढलेला अँटीव्हायरस आणि जुना स्टोरेज ड्रायव्हर हे दोघे जास्त वेळा सापडतात. ड्रायव्हर आपोआप शोधून बसवणारी सॉफ्टवेअर वापरू नका. ड्रायव्हर घ्यायचा तो मशीन बनवणाऱ्याच्याच साइटवरून.

मिनीडंप मिळाला असेल तर मायक्रोसॉफ्टच्या विनडीबीजी या डीबगरमध्ये उघडून `!analyze -v` द्या. त्यात `c0000006` दिसलं तर पान डिस्कवरून वाचताच आलं नाही असा अर्थ, म्हणजे पुन्हा स्टोरेजकडे जा. `c0000005` असेल तर कुणीतरी मेमरीत घुसलं, म्हणजे ड्रायव्हर किंवा रॅम.

तरीही दोषी ड्रायव्हरचं नाव हाती लागत नसेल तरच ड्रायव्हर व्हेरिफायर, म्हणजे ड्रायव्हरवर ताण देऊन त्याची चूक पकडणारं विंडोजमधलंच साधन. आधी रीस्टोअर पॉइंट करा, `verifier` चालवून फक्त मायक्रोसॉफ्टचे नसलेले ड्रायव्हर निवडा आणि मशीन मुद्दाम कोसळू द्या. आता पडद्यावर कोड बदलतो आणि बऱ्याचदा दोषी `.sys` फाइलचं नावही येतं. मशीन चालू होता होताच पडत राहिलं तर सेफ मोडमध्ये जाऊन `verifier /reset` द्या. दोन दिवस काहीच झालं नाही, तरीही ही कमांड देऊन ते बंद करा. चालू ठेवलं तर मशीन उगाच रखडत चालतं.