घरातून व्हिडिओ करताना घराचा पत्ता बाहेर जाऊ नये म्हणून

स्वयंपाकाचे व्हिडिओ घरातूनच करावे लागतात, कारण भांडी, गॅस, मसाल्याचा डबा आणि सकाळचा चांगला उजेड हे सगळे तिथेच असते. त्यामुळे ‘व्हिडिओत घर दाखवू नका’ हा सल्ला आमच्यासारख्यांना जसाच्या तसा पाळता येत नाही. घर दिसणार हे गृहीत धरूनच काम करावे लागते. ते घर कोठे आहे, घरातील मूल कोणत्या शाळेत जाते आणि घरातील माणसे केव्हा कोठे असतात, हे मात्र अनोळखी माणसाला त्यातून कळता कामा नये. मी स्वतः असे व्हिडिओ करते आणि नव्याने सुरुवात करणाऱ्या काही जणींचे व्हिडिओ प्रसिद्ध होण्यापूर्वी पाहून देते. त्या कामातून जे समजले ते येथे लिहिते आहे.

आपण पत्ता सांगितला नाही म्हणजे तो कोणाला कळणार नाही, असा बहुतेकींचा समज असतो. जपानमध्ये 2019 साली उघडकीस आलेले एक प्रकरण हा समज दूर करण्यास पुरेसे आहे. तेथील एका तरुण गायिकेने समाजमाध्यमांवर टाकलेल्या छायाचित्रात तिच्या डोळ्यांत रेल्वे स्थानकाचे प्रतिबिंब उमटले होते. एका माणसाने ते मोठे करून पाहिले, गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूशी ताडून स्थानक ओळखले, तेथे तिची वाट पाहिली, घरापर्यंत तिचा पाठलाग केला आणि तिच्यावर हल्ला केला. तिच्या घरातील व्हिडिओंमधले पडदे आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडाची दिशा यांवरून ती इमारतीत कोठे राहते याचाही त्याने अंदाज बांधला होता, असे तपासात पुढे आले. आपल्याकडे स्ट्रीट व्ह्यू जुलै 2022 मध्ये दहा शहरांत सुरू झाले आणि त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होते. म्हणजे खिडकीतून दिसणारी समोरची इमारत घरबसल्या शोधण्याची सोय आपल्या गल्लीपर्यंतही आलेली आहे.

यातला मुख्य मुद्दा असा की पत्ता सहसा एका दृश्यातून फुटत नाही. एक गोष्ट शहर सांगते, दुसरी भाग सांगते, तिसरी शाळा सांगते आणि चौथी वेळ सांगते. वेगवेगळ्या व्हिडिओंतले हे तुकडे चिकाटीने जोडणारा एखादा माणूस असला की काम झाले. म्हणून व्हिडिओ तपासताना ‘यात काही धोक्याचे आहे का’ असा मोघम प्रश्न विचारून उपयोग होत नाही. शहर कळते का, भाग कळतो का, शाळा कळते का आणि वेळ कळते का, हे चार प्रश्न घेऊन व्हिडिओ चार वेळा पाहावा लागतो.

एक उदाहरण सविस्तर सांगते. संबंधित मैत्रिणीच्या संमतीने, पण ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे. मुलाच्या शाळेच्या डब्याचा तो साधासा व्हिडिओ होता: कोबीची भाजी, पोळी आणि शेंगदाण्याचा लाडू. पहिल्या मिनिटात कणीक भिजवताना बाहेरून घंटागाडी गेली. अनेक ठिकाणी घंटागाडीच्या गाण्यात किंवा घोषणेत महानगरपालिकेचे नाव असते, तसे तेथेही होते, आणि शहर तिथेच कळले. पुढे फोडणी देताना कॅमेरा थोडा वर झाला आणि खिडकीतून निळ्या रंगाची पाण्याची उंच टाकी व तिच्यामागची टेकडी दिसली. अशी टाकी एका शहरात फार ठिकाणी नसते आणि टाकी व टेकडी एका रेषेत कोठून दिसतात, हे नकाशावर पाहणाऱ्याला तो भाग ठरवता येतो. मग मुलगा डबा घ्यायला आला. त्याच्या शर्टावर शाळेचे बोधचिन्ह होते, जे छोट्या पडद्यावर नुसता ठिपका वाटत होते. पण व्हिडिओ फोर-के दर्जात चित्रित केलेला असल्याने चित्र थांबवून मोठे करताच अक्षरे वाचता आली. शेवटी आई म्हणाली, “चल रे, सव्वासातची बस आली,” आणि बाहेर हॉर्न वाजला. तिने ना सोसायटीचे नाव घेतले होते, ना शाळेचे. तरीही तो मुलगा रोज सकाळी कोणत्या शाळेच्या बसची वाट पाहत साधारण कोठे उभा असतो, हे अकरा मिनिटांच्या व्हिडिओतून सांगता येत होते.

ती म्हणाली, “ताई, मी तर फक्त भाजी दाखवली.” तिचे म्हणणे खरेच होते. चित्रीकरण करताना आपले लक्ष कढईकडे असते. म्हणूनच तपासणी चित्रीकरणाच्या वेळी नको. संपादन पूर्ण झाल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी आणि मोठ्या पडद्यावर करावी.

या व्हिडिओत आम्ही काय केले ते सांगते. सर्वात आधी आवाज हाताळला. एकदा डोळे मिटून संपूर्ण व्हिडिओ ऐकला, कारण चित्र समोर असले की मागचे आवाज कानावर पडूनही लक्षात येत नाहीत. घंटागाडी, बसचा हॉर्न, स्थानकावरची उद्घोषणा, मंदिराच्या किंवा मंडळाच्या ध्वनिक्षेपकावरून घेतलेले गावाचे नाव, दारातून शेजारीण मारते ती आडनावाची हाक, हे सगळे पुरावेच असतात. तिथला मूळ आवाज पूर्ण काढून टाकला आणि निवेदन नंतर शांत खोलीत वेगळे ध्वनिमुद्रित केले. फोडणीचा चर्र आवाज ठेवायचा असेल तर तेवढाच तुकडा ठेवता येतो. मुलाला नावाने मारलेली हाकही यात आपोआप निघाली.

खिडकीचे दृश्य झाकण्यासाठी संपादनात खटाटोप करण्यापेक्षा पुढच्या वेळेपासून खिडकीला पातळ पांढरा पडदा लावणे सोपे पडले. उजेड तसाच येतो आणि बाहेरचे काही दिसत नाही. याच व्हिडिओत मात्र चौकट कापून घ्यावी लागली. बोधचिन्ह धूसर करण्याचा प्रयत्न आम्ही केला, पण मूल हलत असते आणि धूसर पट्टा त्याच्या मागे किंचित उशिरा सरकतो. मध्येच एखाद्या चौकटीत ते चिन्ह उघडे पडते आणि पाहणाऱ्याला तेवढी एक चौकट पुरते. संगणकावर यूट्यूबचा व्हिडिओ थांबवून `.` ही कळ दाबली की तो एकेक चौकट पुढे जातो आणि `,` दाबली की मागे येतो. आपणही तपासणी अशीच करावी. त्यासाठी व्हिडिओ आधी खासगी ठेवून चढवता येतो. आमच्या व्हिडिओत दोन ठिकाणी चिन्ह दिसले, तेव्हा तो प्रसंगच काढून टाकला. माझे मत स्पष्ट आहे: गणवेशातले मूल धूसर करून दाखवण्यापेक्षा न दाखवलेले बरे. डबा भरणारे हात दिसले तरी व्हिडिओ पूर्ण होतो.

स्टीलचे डबे, मायक्रोवेव्हचे दार, चष्मा आणि बंद दूरदर्शन संच यांतील प्रतिबिंबेही पाहावीत. फ्रिजवर लावलेले शाळेचे वेळापत्रक, कुरिअरच्या खोक्यावरचा पत्ता आणि विजेचे बिल चित्रीकरणाआधीच उचलून ठेवावे. बाहेर चित्रीकरण असेल तर गाडीचा क्रमांक दिसू देऊ नये, कारण त्याच्या सुरुवातीच्या अक्षर-अंकांवरूनच नोंदणी कोणत्या परिवहन कार्यालयात झाली ते कळते.

आधी प्रसिद्ध झालेल्या व्हिडिओंसाठी यूट्यूब स्टुडिओच्या संपादकात भाग कापण्याची आणि धूसर करण्याची सोय आहे. दुवा आणि दर्शकसंख्या तशीच राहते. मात्र बदल तयार होईपर्यंत लोकांना जुनाच व्हिडिओ दिसत राहतो, म्हणून तेवढा वेळ तो खासगी करून ठेवावा. कोणी आधीच उतरवून घेतलेली प्रत मात्र यातून परत येत नाही. त्यामुळे जुन्या व्हिडिओंपैकी ज्यांत मूल आणि शाळा एकत्र दिसतात, ते सर्वात आधी हाताळावेत.

दिनक्रमाचा प्रश्न वेगळा आहे, कारण तो एका व्हिडिओत सापडत नाही. दर गुरुवारी बाजारातून परत आल्यावर थेट प्रक्षेपण, दर शनिवारी मुलाला शिकवणीला सोडताना गाडीत केलेल्या गप्पा, असे महिनाभर चालले की घर कोणत्या वेळी रिकामे असते हे कोणीही लिहून काढू शकतो. यावर मला उपयोगी पडलेला मार्ग म्हणजे दोन-तीन व्हिडिओ एका वेळी करून ठेवायचे, ते आठवड्यांच्या अंतराने आणि क्रम बदलून प्रसिद्ध करायचे आणि बोलण्यात ‘आज’, ‘आत्ता’, ‘दर रविवारी’ हे शब्द टाळायचे. गावी किंवा सहलीला गेल्याचा व्हिडिओ घरी परतल्यानंतरच टाकावा. गणपतीसाठी गावी निघताना कुलूप लावतानाचे चित्रण त्याच दिवशी टाकणारे लोक पाहिले की मला मनापासून काळजी वाटते.

आपण कितीही सांभाळले तरी पत्ता फोडण्याचे काम बरेचदा आपलीच माणसे प्रेमाने करतात. “अगं, ही तर आमच्या सोसायटीतली!” अशी प्रतिक्रिया शेजारीण कौतुकाने लिहिते आणि खाली सोसायटीचे नावही लिहून टाकते. यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंग्जमध्ये Blocked words नावाची यादी असते. तिच्यातील शब्द असलेली प्रतिक्रिया आपण मंजूर करेपर्यंत प्रकट होत नाही. सोसायटी, रस्ता, शाळा, मुलांची नावे आणि माहेर-सासरची आडनावे तिथे टाकावीत. आपल्याकडे लोक मराठी शब्द रोमन अक्षरांतही लिहितात, म्हणून प्रत्येक नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन-तीन संभाव्य स्पेलिंगसह टाकावे लागते. याशिवाय नातेवाइकांना एकदा फोन करून विनंती करावी. त्यात संकोच करू नये.

व्यवसाय वाढू लागला की पत्ता कागदपत्रांतूनही बाहेर जातो. घराच्या पत्त्यावर जीएसटी नोंदणी केली असेल, तर तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकणाऱ्याला व्यवसायाचे मुख्य ठिकाण दिसते, म्हणून बिलाचे छायाचित्र कधीही टाकू नये. प्रेक्षकांकडून पत्रे येत असतील तर टपाल कार्यालयात पोस्ट बॉक्स भाड्याने घेता येतो.

एवढे करूनही कोणी घरापर्यंत किंवा शाळेपर्यंत पोहोचल्याची शंका आली, तर त्याच्याशी वाद घालू नये आणि संदेश पुसूही नयेत. खात्याचे नाव, दुवा, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत. माणूस प्रत्यक्ष समोर असेल तर 112 वर फोन करावा. मुलाच्या बाबतीत 1098 हा क्रमांक आहे. ऑनलाइन त्रासाची तक्रार cybercrime.gov.in वर नोंदवता येते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 नुसार पुरुषाने स्त्रीचा पाठलाग करणे, तिने नकार दिल्यानंतरही वारंवार संपर्क साधणे आणि तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे हा गुन्हा आहे. त्याच दिवशी शाळेलाही लेखी कळवावे: मुलाला कोण नेऊ शकते त्यांची नावे आणि छायाचित्रे द्यावीत आणि त्या यादीबाहेरचा माणूस आला तर आधी पालकांना फोन करूनच मूल सोडावे, असे त्यात स्पष्ट लिहावे. बसच्या चालकाला आणि मदतनीस ताईंनाही हे सांगितले गेले आहे ना, याची आपण स्वतः खात्री करून घ्यावी.