बंगळुरूत नवी दुचाकी घेताय? आधी एक लाखाची रेघ बघा

पुण्या-कोल्हापुराकडून नोकरीसाठी इथे आलेला माणूस घर लागलं की पहिली गाडी बघायला जातो. शोरूममध्ये एक्स-शोरूम किंमत ऐकून मान डोलावतो आणि ऑन-रोड आकडा ऐकला की डीलर लुबाडतोय असं त्याला वाटतं. बहुतेक वेळा फरक डीलरचा नसतो, रोड टॅक्सचा असतो.

आपल्याकडे महाराष्ट्रात दुचाकीचा एकरकमी कर इंजिनाच्या सीसीवर ठरतो. ९९ सीसीपर्यंत १० टक्के, २९९ पर्यंत ११, त्यापुढे १२. त्यामुळे साधी स्कूटर घ्या की जरा भारीतली, टक्का फारसा हलत नाही. कर्नाटकात सीसी कुणी विचारत नाही, किंमत बघतात. ५० हजारांपर्यंत १० टक्के, ५० हजारांच्या वर ते एक लाखापर्यंत १२ टक्के, आणि एक लाखाच्या वर थेट १८ टक्के. पहिला टप्पा आता नावापुरताच उरलाय, कारण पेट्रोलवर चालणारी त्या किमतीची नवी गाडी मिळणंच मुश्कील. तुमचा प्रश्न असतो तो १२ की १८ एवढाच.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. इन्कम टॅक्ससारखं इथे वरच्या रकमेपुरता वरचा दर लागत नाही. किंमत लाखाच्या पुढे गेली की पहिल्या रुपयापासून सगळ्या किमतीवर १८ टक्के. शिवाय जो कर निघेल त्यावर ११ टक्के उपकर, आणि २०२५ पासून दुचाकीमागे आणखी ५०० रुपये.

समजा, एकाच स्कूटरचे दोन व्हेरियंट आहेत. साधा ९६ हजारांचा. ब्लूटूथचा डिस्प्ले असलेला १ लाख ३ हजारांचा. साध्याचा कर १२ टक्क्यांनी ११,५२० रुपये, उपकर धरून साधारण १२,७८७. दुसऱ्याचा १८ टक्क्यांनी १८,५४०, उपकरासह साधारण २०,५७९. म्हणजे कागदावर सात हजारांनी महाग दिसणारी गाडी तुमच्या खिशाला जवळपास १४,८०० रुपयांनी महाग पडते. पुण्यात हीच १२५ सीसीची जोडी घेतली असती तर करातला फरक ७७० रुपयांचा. फोनवर कोण बोलतंय हे डिस्प्लेवर दिसण्यासाठी पंधरा हजार द्यायचे का, ते तुम्ही ठरवा. मी देणार नाही. गाडी दीड लाखाच्या पुढची घ्यायची असेल तर मात्र ही कसरत सोडून द्या, १८ टक्के द्यावेच लागतात.

एक्स-शोरूम किमतीत जीएसटी धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. त्याने इथे दुहेरी फायदा झाला. मूळ किंमत ८४ हजार असलेली गाडी आधी १,०७,५२० ला पडायची, आता ९९,१२० ला. किंमत ८,४०० ने उतरली आणि गाडी रेघेच्या खाली आल्यामुळे उपकरासह करातही सुमारे ८,३०० वाचले. म्हणून ऑफिसातल्या मित्राने त्याआधी घेतलेल्या गाडीचा हिशोब तुमच्या गाडीला लावू नका. उलट, पुढे कंपनीने हजार-दोन हजारांनी भाव वाढवले आणि गाडी रेघ ओलांडून गेली, तर ऑन-रोड किंमत आठ-दहा हजारांनी उडी मारते. ९८-९९ हजारांच्या गाडीचं बुकिंग करताना तेवढं विचारून घ्या.

कोटेशनवर ‘रोड टॅक्स व रजिस्ट्रेशन’ असा एकच आकडा लिहून देतात. तो फोडून मागा. वरच्या हिशोबाने कर काढा. त्यात नोंदणी फी ३०० रुपये, स्मार्ट कार्ड २००, आणि कर्ज असेल तर बँकेचा बोजा चढवायचे ५०० मिळवा. याहून फार जास्त आकडा दिसला तर उरलेलं हँडलिंग चार्ज वगैरे नावाने घुसवलेलं असतं. विमा, सीट कव्हर, क्रॅश गार्ड हे कराच्या किमतीत धरायचं नसतं. लाखाच्या आतली गाडी अ‍ॅक्सेसरीज मिळवून लाखाच्या वर गेली म्हणून १८ टक्के लावलेत असं कुणी सांगितलं, तर ऐकू नका.

‘मग कोल्हापुरातच घेतो आणि चालवत आणतो’ हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. वर्षभरात परत जाणार असाल तर ठीक. बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी इथे राहिली की इथे नोंदणी करावी लागते आणि गाडीच्या वयाप्रमाणे थोडी सूट देऊन इथला कर भरून घेतात. महाराष्ट्रात भरलेल्यातला उरलेल्या वर्षांचा भाग परत मागता येतो, पण त्यासाठी तिथल्या आरटीओत अर्ज करावा लागतो. बेळगावात गाडी घेऊनही काही वाचत नाही; दर सगळ्या कर्नाटकात एकच.

गाडी हातात आली की कराची पावती मागून घ्या. तिच्यावर कर आणि फी वेगवेगळी छापलेली असते. ती कोटेशनशेजारी ठेवून बघा, आणि फरक असेल तर त्याच आठवड्यात शोरूममध्ये जा.