रेटिंग २, पण पत्र वाचून कारणच कळत नाही: माझा उपाय

ऐरोलीतल्या आमच्या सपोर्ट टीममधल्या एका सहकाऱ्याचं फीडबॅक पत्र लिहायचं होतं. कामगिरीच्या रिव्ह्यूच्या स्लाइड्समध्ये संवादाला ५ पैकी २ आणि शेरा एवढाच: ‘अधिक पुढाकार हवा’. शेरे जसेच्या तसे उतरवले, मग भाषा मवाळ केली. तरी ‘म्हणजे नेमकं काय करू?’ हा प्रश्न उरलाच. फार वैताग आला.

शेवटी जमलं ते असं. आधी प्रत्येक रेटिंगसमोर त्याचा शेरा मांडला. ज्या शेऱ्यामागे प्रसंग नव्हता, तो देणाऱ्याला विचारलं, ‘हे कधी दिसलं?’ उत्तर मिळालं: सर्व्हर बंद असताना ग्राहकाला दुपारभर काहीच कळवलं नव्हतं. मग पत्रात क्रमाने प्रसंग, त्याचा परिणाम आणि पुढची अपेक्षा लिहिली: ‘काम सुरू असेपर्यंत दर तासाला ग्राहकाला दोन ओळी कळवा.’ आकडा सर्वांत शेवटी टाकला, कारण तो आधी दिसला की पुढचं कोणी नीट वाचत नाही.

पाठवण्याआधी आकडे झाकून पत्र एचआरमधल्या ताईंना दिलं आणि रेटिंग ओळखायला सांगितलं. त्यांनी ३ सांगितलं असतं, तर पुरावा कमी पडतोय किंवा रेटिंगच पुन्हा तपासायला हवं, असं समजलो असतो. त्या २ म्हणाल्या.