एकच व्हिडिओ फोन, टीव्ही आणि लॅपटॉपवर कसा तपासावा

तासगाव-कवठेमहांकाळ भागातल्या बेदाणा शेडमध्ये तुमचा व्हिडिओ उभ्या धरलेल्या फोनवर पाहिला जातो. संध्याकाळी तोच व्हिडिओ घरच्या सोप्यात टीव्हीवर लागतो आणि चार माणसं बसून पाहतात. लॅपटॉपवर तो पाहणारा बहुतेक वेळा एकटाच असतो, तो म्हणजे व्हिडिओ बनवणारा. म्हणून लॅपटॉपवर छान दिसला की व्हिडिओ तयार झाला, असं धरू नका.

उदाहरण एकच घेतो, बेदाण्यासाठी द्राक्षं बुडवायच्या द्रावणाचं. एक लिटर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑईल, म्हणजे इथाइल ओलिएट. त्यात घड २ ते ४ मिनिटं बुडवून मग रॅकच्या जाळीवर पसरायचे. या व्हिडिओत आकडा चुकीचा वाचला गेला तर माल बिघडतो, त्यामुळे पडद्यावरचं अक्षर नीट दिसलंच पाहिजे.

व्हिडिओ कच्चा एक्सपोर्ट करा, १०८०पी पुरे. फोनवर घ्या आणि पेन ड्राइव्हवर टाकून टीव्हीला लावा. फोनचा पडदा टीव्हीवर कास्ट करून तपासू नका. त्यात चित्राचा दर्जा घसरतो आणि फोनच्या पट्ट्याही दिसतात, मग दोष व्हिडिओचा की कास्टचा हे कळत नाही.

अक्षराचा आकार

खरी मेहनत इथे आहे. माझाही सगळ्यात जास्त वेळ यातच गेला, कारण मिळणारा सल्ला उलटा असतो. "टीव्ही मोठा, म्हणून त्यावर अक्षर आपोआप मोठं दिसतं" असं छातीठोक सांगणारे बरेच भेटतात. ते खरं नाही. डोळ्याला अक्षर किती मोठं दिसतं ते पडद्याच्या आकारावर आणि अंतरावर मिळून ठरतं, नुसत्या इंचांवर नाही.

हिशोब करून बघा. साडेसहा इंची फोन उभा धरला की आडवा व्हिडिओ साधारण ७ सेंटिमीटर रुंद आणि ४ सेंटिमीटरपेक्षा थोडा कमी उंच दिसतो, आणि फोन डोळ्यापासून फूटभर लांब असतो. १५.६ इंची लॅपटॉपचं चित्र १९ सेंटिमीटर उंच असतं आणि आपण त्याच्यापासून दोन फुटांवर बसतो. ३२ इंची टीव्हीचं चित्र ४० सेंटिमीटर उंच, पण तो दहा फुटांवर. या तिघांत डोळ्याला सगळ्यात मोठं चित्र लॅपटॉपचं दिसतं. दहा फुटांवरचा ३२ इंची टीव्ही आणि उभा धरलेला फोन डोळ्याला जवळपास सारखेच, दोन्ही लॅपटॉपच्या निम्म्याहूनही लहान. ४३ इंची टीव्ही असला तरी दहा फुटांवरून तो लॅपटॉपच्या जेमतेम निम्माच भरतो.

याचा एक उपयोग लगेच होतो. एडिटिंग चालू असतानाच खुर्चीतून उठा आणि लॅपटॉपपासून पाच फूट मागे उभे राहा. तिथून जे दिसतं तेच उभ्या फोनवर दिसणार आहे. त्याच पाच फुटांवर ३२ इंची टीव्हीही येतो, साडेतीन फुटांवर ४३ इंची. हे फोनवरच्या तपासणीच्या बदल्यात नाही, पण ढोबळ चुका तिथल्या तिथे कळतात आणि एक्सपोर्टचे फेरे वाचतात.

आता आकार. शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची चित्राच्या उंचीच्या अठराव्या भागापेक्षा कमी नको. १०८० रेषांच्या व्हिडिओत ती ६० होते. एडिटरमधल्या फॉन्ट साइजच्या आकड्यावर विसंबू नका, कारण त्या आकड्यात वेलांटी-उकारांची जागाही धरलेली असते आणि प्रत्येक फॉन्टमध्ये ती वेगळी. फोन उभा धरून पडद्याला फूटपट्टी लावा. अक्षर २ मिलिमीटर भरलं तर ठीक. तेच अक्षर लॅपटॉपवर सेंटिमीटरभर उंच आणि बटबटीत वाटेल. वाटू द्या. लॅपटॉपवर देखणं दिसावं म्हणून ते परत लहान करू नका, शेडमधल्या माणसाचं वाचन तिथेच संपतं.

देवनागरीला आणखी एक काळजी लागते, आणि इंग्रजी व्हिडिओंसाठी लिहिलेल्या सूचनांत ती सापडणार नाही. आपल्या ओळीच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार असतात आणि खाली उकार. दोन ओळी जवळ घेतल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. एका ओळीच्या शिरोरेषेपासून दुसऱ्या ओळीच्या शिरोरेषेपर्यंत अक्षराच्या उंचीच्या दुप्पट अंतर ठेवा. ठळक, साधा फॉन्ट घ्या. मुक्ता किंवा बालू चालतात. अक्षराभोवती जाड काळी कड देऊ नका. त्या कडेत अनुस्वार बुडतो आणि जोडाक्षरांतली पोकळी भरून जाते. पानाफांद्यांवर पांढरं अक्षर उठत नसेल तर मागे गडद पट्टी टाका.

आकड्यांचं वेगळं बघा. रानात नेटवर्क कमी असतं, व्हिडिओ २४०पी वर उतरतो आणि तुमच्या ६० रेषांच्या अक्षराला जेमतेम १३ रेषा उरतात. अशा वेळी १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात, म्हणजे १५ चे ९५ होऊ शकतात. म्हणून फोनवर तपासताना दर्जा हाताने २४०पी वर आणून बघा. आकडा शब्दांपेक्षा दीडपट मोठा ठेवा. आणि तिन्ही ओळी एकाच पाटीवर कोंबण्यापेक्षा दोन पाट्या करा: एकीवर "१ लिटर पाण्यात पोटॅशियम कार्बोनेट २५ ग्रॅम", दुसरीवर "त्यातच डिपिंग ऑईल १५ मिली".

"दिसतंय का?" असं विचारू नका

या प्रश्नाला सगळे "दिसतंय की" म्हणतात. शेजाऱ्याच्या हातात फोन द्या आणि पाटी मोठ्याने वाचायला सांगा. तो वाचत असताना तुम्ही मध्ये बोलू नका.

पण जो वर्षानुवर्षं बेदाणा करतो त्याला २५ आणि १५ तोंडपाठ असतात. तो पडदा न वाचताच बरोबर सांगेल आणि तुम्हाला वाटेल अक्षर पुरेसं आहे. म्हणून तपासणीपुरती एक वेगळी प्रत काढा आणि तिच्यात मुद्दाम भलते आकडे टाका, समजा ३७ आणि १९. हे आकडे त्याने बरोबर वाचले तरच अक्षर पास. ही प्रत फक्त तुमच्या फोनवर दाखवा, कुणाला पाठवू नका. एकदा ती ग्रुपवर गेली की कुणीतरी त्याच मापाने द्रावण करेल.

वाचायला देताना पन्नाशीच्या पुढचा एक माणूस हवाच. शेडमध्ये त्याचा चष्मा खिशात नसतो, फोन तो हात लांब करून धरतो आणि अक्षर आणखी लहान होतं. त्याच माणसाला टीव्ही लांबून चष्म्याशिवाय वाचता येतो, त्यामुळे त्याला टीव्हीवर वाचून घेतलं की फोनचंही झालं असं समजू नका.

वेग

वेगाची परीक्षा टीव्हीवर घ्या. फोनवर चुकलं तर माणूस पडद्यावर दोनदा टिचकी मारून दहा सेकंद मागे जातो. टीव्हीसमोर चौघे बसलेले असतात, मधेच कुणी बोलतं, चहा येतो आणि रिमोट दुसऱ्याच्याच हातात असतो. मागे कुणी जात नाही. टीव्हीवर जे निसटलं ते निसटलंच.

प्रत्येक पाटी सावकाश मोठ्याने वाचा, घड्याळ लावा, आणि लागलेल्या वेळात दोन सेकंद वाढवून तेवढा वेळ पाटी ठेवा. पोटॅशियम कार्बोनेटची ओळ वाचायला चार सेकंद लागतात, म्हणून ती सहा सेकंद राहू द्या. तेवढा वेळ मागे हालचाल नको. पाटीही आहे आणि मागे पावडर पाण्यात पडतेय, असं असेल तर डोळा पावडरीकडे जातो. आवाजातही तेच शब्द त्याच क्रमाने हवेत. पाटीवर ग्रॅम आणि तोंडाने "साधारण दोन मुठी" असं झालं की ऐकणारा मुठीच लक्षात ठेवतो.

बुडवण्याची २ ते ४ मिनिटं पूर्ण दाखवायची नाहीत हे उघड आहे. पण नुसता कट मारला तर क्रेट आत गेलं आणि लगेच वर आलं असं दिसतं. मध्ये वेळेची पाटी टाका.

चौकट

पुन्हा उभा फोन घ्या. द्रावणाच्या टाकीशी उभा असलेला माणूस डोक्यापासून पायापर्यंत घेतला असेल तर फोनवर तो साडेतीन सेंटिमीटरचा होतो आणि त्याच्या हातातलं मापाचं भांडं दाणाभर. हात, भांडं आणि पाण्याची पातळी एवढंच चौकटीत घ्या. दृश्यातलं जे वाचायचं असेल, काट्यावरचा आकडा किंवा मापावरची रेघ, त्यालाही अठराव्या भागाचा तोच नियम लावा. चित्रीकरण ४के मध्ये केलं असेल तर १०८०पी च्या व्हिडिओत दुपटीपर्यंत जवळ घेता येतं, धूसर न होता. तसं नसेल तर तेवढा शॉट पुन्हा घ्या; एडिटरमध्ये ताणून उपयोग नाही.

कडांचं गणितही तिन्हीकडे वेगळं. आजचे बरेच फोन २०:९ आकाराचे आहेत. आडव्या फोनवर दोन बोटांनी चित्र ताणून पडदा भरला की १६:९ व्हिडिओचा वरचा दहावा आणि खालचा दहावा भाग कापला जातो. काही टीव्ही चारही बाजूंनी थोडं कापतात. म्हणून वर-खाली दहा टक्के आणि डावी-उजवीकडे पाच टक्के जागेत अक्षर ठेवू नका. लॅपटॉपवर पाटी जरा जास्तच मध्ये आल्यासारखी वाटेल, ते चालतं.

उभा व्हिडिओ बनवावा का, असं विचारलं जातं. फक्त फोनसाठी असेल तर जरूर. पण टीव्हीवर तो पडद्याचा जेमतेम तिसरा हिस्सा भरतो, त्यामुळे दोन्हीकडे चालावा म्हणून उभा व्हिडिओ काढू नका.

शेवटचा फेरा

लॅपटॉप आता घ्या, सगळ्यात शेवटी. पडदा मोठा दिसत असल्याने ओळींची तिरकी मांडणी, शुद्धलेखन आणि कट जोडताना राहिलेली एखादी काळी फ्रेम इथेच सापडते. दुरुस्त्या करून पुन्हा एक्सपोर्ट करा, उभ्या फोनवर २४०पी वर एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहा, पाट्यांवर २५ आणि १५ हेच आकडे आहेत याची खात्री करा, आणि ३७-१९ ची प्रत फोन, पेन ड्राइव्ह आणि लॅपटॉप तिन्हीवरून काढून टाका.